रांगेत न गेलेला सहकारी: ख्रिस्ती पंथ एका भाकरीवरून समजून घेताना

प्रश्न: माझ्या ऑफिसात तिघे ख्रिस्ती सहकारी आहेत, एक वसईची, एक नगरचा आणि एक केरळचा. वसईच्या मॅडमच्या मुलाची पहिली कम्युनियन होती म्हणून आम्ही सगळे चर्चमध्ये गेलो होतो. प्रसाद घ्यायला सगळे रांगेत उभे राहिले, पण नगरचा सहकारी जागेवरच बसून राहिला. विचारलं तर एवढंच म्हणाला, "आम्ही वेगळे." ख्रिस्ती धर्मात मुख्य पंथ कोणते आणि त्यांच्यात नेमकं काय वेगळं आहे? मला यातलं काहीच माहीत नाही, सोप्या शब्दांत सांगाल का?

उत्तर:

मोठी घराणी तीन: कॅथलिक, ऑर्थोडॉक्स आणि प्रोटेस्टंट. ऑर्थोडॉक्स या नावाखाली प्रत्यक्षात दोन वेगळी घराणी आहेत, त्यांतलं एक तुमच्या केरळच्या सहकाऱ्याशी जोडलेलं असू शकतं, त्याबद्दल पुढे सांगतो. एकच देव पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा या तीन व्यक्तींत आहे, येशू हा देवाचा पुत्र, तो क्रुसावर मेला आणि तिसऱ्या दिवशी उठला, हे तिन्ही घराणी मानतात. बायबल सगळ्यांचं आहे, बाप्तिस्मा, म्हणजे पाण्याने ख्रिस्ती होण्याचा विधी, जवळजवळ सगळ्यांचा आहे. वेगळेपण सुरू होतं ते तुम्ही पाहिलेल्या त्या रांगेपाशी.

मी पाळक, म्हणजे प्रोटेस्टंट धर्मगुरू, होऊ पाहणाऱ्या मुलामुलींना मंडळीचा, म्हणजे चर्चचा, इतिहास शिकवतो, त्याला आता पंचवीस वर्षं झाली. शिवाय हा प्रश्न माझ्या घरातलाच आहे. आई वसईची, कॅथलिक. वडील नगरकडचे, प्रोटेस्टंट. आम्ही भावंडं वडिलांच्या मंडळीत वाढलो. सुट्टीत आजोळी गेलो की रविवारी मामाच्या मुलांबरोबर मिस्साला जायचो. कम्युनियनची वेळ झाली की ती उठायची, मी गुडघे आखडून घेऊन त्यांना वाट करून द्यायचो आणि रिकाम्या बाकावर एकटा बसून राहायचो. आजीच्या अंत्यविधीच्या मिस्सालाही तसाच बसलो होतो. त्यामुळे तुमचा नगरचा सहकारी तिथे का बसला होता, हे मला पुस्तकाबाहेरूनही माहीत आहे.

आता ती भाकर, म्हणजे तुम्ही म्हणता तो प्रसाद. मराठी बायबलमध्ये तिला भाकरच म्हटलं आहे, म्हणून मीही तोच शब्द वापरतो. चुलीवरची ज्वारीची भाकरी डोळ्यांसमोर आणू नका, ही गव्हाची असते. मरणाच्या आदल्या रात्री येशू शिष्यांबरोबर जेवायला बसला. त्याने भाकर घेतली, मोडली, त्यांना दिली आणि म्हणाला, "हे माझे शरीर आहे." मग द्राक्षारसाचा प्याला दिला आणि म्हणाला, हे माझं रक्त. "माझ्या स्मरणार्थ हे करा," असंही सांगितलं. ख्रिस्ती लोक दोन हजार वर्षं तेच करत आले आहेत. कॅथलिक त्याला मिस्सा म्हणतात, प्रोटेस्टंट प्रभुभोजन, केरळचे लोक कुर्बाना. कृती एकच, पण तिच्याभोवती दोन प्रश्न उभे राहिले: या भाकरीचं नेमकं काय होतं, आणि ती देण्याचा अधिकार कुणाला? पंथांमधले बहुतेक फरक या दोन प्रश्नांच्या उत्तरांतून उलगडतात.

कॅथलिकांचं उत्तर सर्वांत स्पष्ट आहे. फादर वेदीवर येशूचे ते शब्द उच्चारतात तेव्हा भाकर आणि द्राक्षारस खरोखरच ख्रिस्ताचं शरीर आणि रक्त होतात. रंग, चव, वास पूर्वीचाच राहतो, पण ती वस्तू मुळात काय आहे ते बदललेलं असतं. हा अलंकार नाही, अक्षरशः अर्थाने ते असं मानतात. म्हणूनच वाटून उरलेल्या चकत्या फेकत नाहीत. वेदीजवळच्या एका बंद पेटीत ठेवतात आणि तिच्यापाशी अखंड दिवा, बहुधा लाल काचेचा, तेवत ठेवतात. वसईच्या त्या चर्चमध्ये बाकात शिरण्याआधी लोक एक गुडघा टेकवत होते, ते तुमच्या लक्षात आलं असेल. ते वंदन त्या पेटीतल्या ख्रिस्ताला असतं. तुमच्या मॅडमच्या मुलाने त्या दिवशी पहिल्यांदा ख्रिस्ताचं शरीर ग्रहण केलं, म्हणून एवढा सोहळा. त्यासाठी आठ-दहा वर्षांच्या मुलांना महिनोन्‌महिने शिकवणीला बसवतात, कारण आपण काय घेतोय हे कळण्याइतकं मूल मोठं असावं अशी अपेक्षा असते.

भाकर देण्याच्या अधिकाराबद्दलही कॅथलिकांचं म्हणणं तितकंच नेमकं आहे. येशूने शिष्यांना अधिकार दिला, शिष्यांनी डोक्यावर हात ठेवून पुढच्यांना बिशप, म्हणजे वरिष्ठ धर्मगुरू, नेमलं, त्यांनी त्यांच्या पुढच्यांना, आणि ही साखळी आजपर्यंत तुटलेली नाही. त्या साखळीतल्या बिशपने ज्याला दीक्षा दिली तोच मिस्सा करू शकतो. सगळ्या बिशपांचा प्रमुख रोमचा बिशप, म्हणजे पोप. शिष्यांत अग्रणी असलेल्या पेत्राचा तो वारस. जगात आज सुमारे १४० कोटी लोक या एका रचनेत आहेत.

आता पूर्वेकडे जाऊ. पहिल्या हजार वर्षांत ख्रिस्ती जगाची दोन मोठी केंद्रं होती, रोम आणि कॉन्स्टँटिनोपल, म्हणजे आजचं इस्तंबूल. रोमकडे लॅटिन बोलत, कॉन्स्टँटिनोपलकडे ग्रीक. १६ जुलै १०५४ रोजी पोपचा दूत कार्डिनल हंबर्ट हागिया सोफियाच्या भव्य चर्चमध्ये शिरला आणि तिथले प्रमुख धर्मगुरू मायकेल सेरुलारियस यांना बहिष्कृत केल्याचं पत्रक त्याने वेदीवर ठेवलं. सेरुलारियस यांनीही उलट दूतांना बहिष्कृत केलं. पत्रक वेदीवर पडलं तेव्हा ज्या पोपने हंबर्टला पाठवलं होतं, तो लिओ नववा वारून तीन महिने होत आले होते.

त्या भांडणात भाकर होतीच. रोमकडचे लोक बिनखमिराची भाकर वापरत, कारण येशूचं ते जेवण यहूदी लोकांच्या वल्हांडण सणातलं होतं आणि त्या सणात खमीर वर्ज्य असतं. ग्रीकांकडे फुगलेली, खमिराची भाकर होती आणि आजही आहे. त्यांच्या लेखी खमीर ही जिवंतपणाची खूण. उठलेल्या ख्रिस्ताची भाकर निर्जीव कशी असेल, असं त्यांचं म्हणणं. वसईला दिसलेली ती पातळ, गोल, पांढरी चकती रोमच्या बाजूची. ग्रीक किंवा रशियन ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये गेलात तर पावासारख्या भाकरीचे तुकडे द्राक्षारसात भिजवून चमच्याने तोंडात भरवताना दिसतील. तिथे तान्ह्या बाळालाही ते मिळतं. बाळाला तीनदा पाण्यात बुडवून बाप्तिस्मा देतात, लगेच पवित्र तेलाचा अभिषेक करतात आणि त्याची कम्युनियनही तेव्हापासूनच सुरू होते. त्यामुळे वसईसारखा पहिल्या कम्युनियनचा सोहळा तिथे नसतोच.

पण खमीर हे वरवरचं निमित्त होतं. खरं दुखणं अधिकाराचं होतं आणि ते एका शब्दावरून चव्हाट्यावर आलं. ३२५ साली निकाया इथे आणि ३८१ साली कॉन्स्टँटिनोपल इथे बिशपांच्या परिषदा भरल्या आणि सगळ्यांनी मिळून विश्वासाचा एक जाहीरनामा ठरवला. त्यात पवित्र आत्मा "पित्यापासून निघतो" असं आहे. पश्चिमेकडे हळूहळू त्यात "आणि पुत्रापासून" ही भर पडली, आणि १०१४ साली रोममध्येही मिस्सात तसं म्हटलं जाऊ लागलं. नवख्या माणसाला हा शब्दांचा कीस वाटेल. मीही वर्गात आधी अर्थावर फार वेळ घालवत नाही. मी विद्यार्थ्यांना विचारतो, गावाने पंचायत भरवून ठराव केला आणि मग एका घराने आपल्या वहीतल्या नकलेत एक ओळ वाढवली, तर इतर घरं काय म्हणतील? पूर्वेचं म्हणणं तेच होतं. ठराव सगळ्यांचा, मग तो बदलण्याचा अधिकार एकट्या रोमला कुणी दिला? रोमचं उत्तर असं की पेत्राच्या वारसाला तो आहे. ऑर्थोडॉक्स आजही रोमच्या बिशपला, एकी असती तर, मानाचं पहिलं स्थान द्यायला तयार असतात, पण सगळ्यांवर हुकमत द्यायला नाही.

१०५४ नंतरही दोन्हीकडचे लोक एकमेकांना पूर्ण परके समजत नव्हते. मनं खरी तुटली ती १२०४ साली, जेव्हा पश्चिमेकडच्या धर्मयोद्ध्यांनी ख्रिस्ती असलेलं कॉन्स्टँटिनोपल लुटलं. ती आठवण ग्रीकांच्या मनात अजून आहे. ७ डिसेंबर १९६५ रोजी पोप पॉल सहावे आणि कॉन्स्टँटिनोपलचे प्रमुख धर्मगुरू अथेनागोरस यांनी ते जुने बहिष्कार मागे घेतले, पण वेदी अजून एक झालेली नाही.

आता तुमचा केरळचा सहकारी. तो कोणत्या मंडळीचा, हे त्यालाच विचारावं लागेल, कारण केरळचं ख्रिस्ती जग दाट आहे. येशूचा शिष्य, प्रेषित थोमा, इसवी सन ५२ मध्ये तिथे आला अशी तिथली परंपरा आहे. म्हणजे हे लोक पोर्तुगीज यायच्या कितीतरी आधीपासून ख्रिस्ती आहेत. पोर्तुगीजांनी त्यांना रोमच्या पद्धतीत बसवायचा आटापिटा केला, तेव्हा १६५३ साली मट्टनचेरीला क्रुसाला बांधलेला दोर धरून त्यांच्यातल्या अनेकांनी तो अंमल झुगारण्याची शपथ घेतली. पुढे त्यांच्यातले बरेच जण पोपकडे परतले, पण आपली सिरियन उपासना राखून. ते सिरो-मलबार कॅथलिक; उपासना वेगळी दिसली तरी ते पूर्ण कॅथलिकच. त्यांचा कल्याण इथला धर्मप्रांत १९८८ साली झाला, त्यामुळे मुंबई-पुण्याकडच्या अनेकांना हे लोक शेजारी म्हणून ठाऊक असतील. तुमचा सहकारी यांच्यातला असेल, तर तो त्या दिवशी रांगेत गेला असणार.

जे परतले नाहीत त्यांच्यातले बरेच आज मलंकरा ऑर्थोडॉक्स किंवा याकोबाइट आहेत. हेच ते ऑर्थोडॉक्समधलं दुसरं घराणं. ते ग्रीक-रशियनांपासून १०५४ च्याही सहाशे वर्षं आधी वेगळं झालं. ४५१ साली खाल्सेडोनच्या परिषदेने ठरवलं की ख्रिस्त ही एक व्यक्ती असून तिच्यात दोन स्वभाव आहेत, दैवी आणि मानवी. इजिप्त, सिरिया आणि आर्मेनियाकडच्या अनेकांना यात ख्रिस्ताचे दोन तुकडे पडल्यासारखं वाटलं. ते म्हणाले, देव आणि मनुष्य एकरूप झालेला एकच स्वभाव म्हणा. इजिप्तचे कॉप्टिक, इथिओपियाचे, आर्मेनियाचे आणि केरळचे हे ऑर्थोडॉक्स या घराण्यात येतात. १९७३ साली पोप आणि कॉप्टिक प्रमुख शेनुदा तिसरे यांनी ख्रिस्ताविषयी संयुक्त निवेदन काढलं, आणि दोघांचा विश्वास मुळात किती सारखा होता ते त्यातून दिसलं. भाषा ग्रीक, सिरियन, कॉप्टिक अशा वेगवेगळ्या होत्या आणि "स्वभाव" या शब्दाचा अर्थ प्रत्येक जण आपापल्या परीने घेत होता. शिकवताना मला या प्रकरणाचं सर्वांत वाईट वाटतं.

आता नगरच्या सहकाऱ्याचं घराणं. ३१ ऑक्टोबर १५१७ रोजी जर्मनीत विटेनबर्गला मार्टिन लूथर या संन्यस्त प्राध्यापकाने ९५ मुद्दे मांडले. पापाची शिक्षा माफ झाल्याची प्रमाणपत्रं तेव्हा पैसे घेऊन दिली जात होती. रोममधल्या सेंट पीटर चर्चच्या बांधकामासाठी पैसा हवा होता. लूथरचं म्हणणं, देवाची क्षमा विकत मिळत नाही, आणि पुण्य साठवूनही मिळत नाही. ती कृपा आहे, ती विश्वासाने स्वीकारायची. आणि पोप किंवा परिषद पवित्र शास्त्राच्या विरुद्ध बोलत असेल, तर शास्त्राचं ऐकायचं. प्रोटेस्टंट घराणं या दोन वाक्यांवर उभं आहे.

नगरच्या चर्चमध्ये गेलात तर याचा परिणाम डोळ्यांना दिसेल. तिथे लाल दिवा नाही, पुतळे नाहीत. उपासनेचा मोठा भाग वाचन आणि संदेशाचा असतो. पाळक लग्न झालेले असतात, आणि आता अनेक मंडळ्यांत स्त्रियाही पाळक आहेत. दोघांकडची बायबलं शेजारी ठेवून अनुक्रमणिका मोजलीत तर कॅथलिक बायबलात ७३ पुस्तकं निघतील आणि प्रोटेस्टंट बायबलात ६६. तोबीत, मक्काबी अशी जुन्या करारातली सात पुस्तकं प्रोटेस्टंटांनी शास्त्रात धरली नाहीत, कारण यहूदी लोकांच्या हिब्रू शास्त्रात ती नव्हती. मारियेबद्दल एक गैरसमज सगळीकडे ऐकतो, तो इथेच काढतो. कॅथलिक मारियेची देव म्हणून भक्ती करत नाहीत. आमच्यासाठी देवाजवळ शब्द टाक, अशी तिला विनंती करतात. प्रोटेस्टंटही मारियेला तुच्छ मानत नाहीत. ती येशूची आई म्हणून धन्य आहे, पण प्रार्थना थेट देवाकडेच करायची, असं त्यांचं म्हणणं.

मग प्रोटेस्टंटांचे एवढे पंथ कसे झाले? पुन्हा भाकरच. १५२९ च्या ऑक्टोबरात हेसचा फिलिप या जर्मन सरदाराने लूथर आणि झुरिकचा झ्विंगली यांना मारबुर्गच्या किल्ल्यात समोरासमोर बसवलं. त्याला दोघांची एकजूट हवी होती. बोलणं सुरू होण्याआधी लूथरने खडूने टेबलावर लॅटिनमध्ये लिहून ठेवलं, "हे माझे शरीर आहे", आणि वर मखमलीचं आच्छादन ओढलं. झ्विंगली म्हणाला, इथे "आहे" म्हणजे "दर्शवते". येशू "मी द्वार आहे" असंही म्हणाला, म्हणून तो काही लाकडी दार होत नाही. ख्रिस्ताचं शरीर स्वर्गात आहे, भाकर ही त्याची आठवण आणि खूण. लूथरने आच्छादन काढून अक्षरं दाखवली: लिहिलंय ते लिहिलंय. भाकर भाकरच राहते हे त्याला मान्य होतं, पण ख्रिस्त तिच्यात, तिच्यासह खरोखर असतो यावरून तो हटेना. पंधरा मुद्द्यांपैकी चौदांवर एकमत झालं. पंधराव्यातलाही काही भाग जुळला, फक्त ख्रिस्ताचं शरीर भाकरीत असतं का, हे राहिलं. तेवढ्यावरून दोन वाटा झाल्या. एक लूथरन. दुसरी, झ्विंगली आणि पुढे जिनिव्हाचा कॅल्विन यांची, रिफॉर्म्ड. कॅल्विनने मधला मार्ग काढला: शरीर भाकरीत उतरत नाही, पण पवित्र आत्म्याच्या द्वारे विश्वासणारा खरोखर ख्रिस्ताशी जोडला जातो. स्कॉटलंडचे प्रेस्बिटेरियन याच वाटेचे.

झुरिकमध्येच तिसरी ठिणगी पडली. शास्त्रच प्रमाण असेल तर तान्ह्या बाळाला बाप्तिस्मा द्यायला शास्त्रात कुठे सांगितलंय, असं काही तरुणांनी विचारलं. जानेवारी १५२५ मध्ये त्यांनी एकमेकांना, मोठ्या वयात, पुन्हा बाप्तिस्मा दिला. दोन वर्षांत त्यांच्यातल्या फेलिक्स मान्झला झुरिकच्या नगरपालांनी लिमाट नदीत बुडवून मारलं, आणि तेही प्रोटेस्टंट शहरात. आजचे बॅप्टिस्ट थेट त्यांचे वंशज नाहीत, पण आग्रह तोच: आधी समजून विश्वास, मग पाण्यात बुडून बाप्तिस्मा. इंग्लंडची गोष्ट निराळी. तिथे १५३४ साली राजा आठव्या हेन्रीने पोपऐवजी स्वतःला तिथल्या चर्चचा प्रमुख ठरवलं. अँग्लिकनांनी बिशप आणि जुन्या उपासनेचा बराच ढाचा ठेवला, शिकवण प्रोटेस्टंटांची घेतली. आणि सॅल्व्हेशन आर्मी, जी १८८२ पासून मुंबईत आहे, ती बाप्तिस्मा आणि प्रभुभोजन दोन्ही विधी करतच नाही. बाहेरची खूण नको, आतला बदल पुरे, असं ती म्हणते. मी सुरुवातीला "जवळजवळ सगळ्यांचा" म्हटलं ते यामुळे.

पेंटेकॉस्टल हे सर्वांत नवं आणि सर्वांत वेगाने वाढलेलं घर. पवित्र आत्मा आजही माणसावर उतरतो, अन्य भाषांतून बोलवतो, रोग बरे करतो, असा त्यांचा विश्वास. या चळवळीचा उगम बहुतेक पुस्तकं १९०६ साली लॉस एंजेलिसला दाखवतात. पण त्याच्या आदल्या वर्षी, १९०५ च्या जूनअखेरीस, पंडिता रमाबाईंच्या केडगावच्या मुक्तिसदनात मुलींमध्ये असंच आध्यात्मिक जागरण झालं होतं. मोठमोठ्याने प्रार्थना, रडणं, पापांची कबुली, रात्र-रात्र चाललेल्या सभा. दौंडजवळच्या एका गावात, बहुतेक दुष्काळातून वाचवलेल्या मराठी मुलींमध्ये हे घडलं, ही गोष्ट मराठी माणसाने माहीत करून घ्यावी असं मला फार वाटतं.

नगरची मंडळी मात्र यांपैकी एकाच खोक्यात बसत नाही. नगरला काम केलं ते अमेरिकन मराठी मिशनने, ते लोक काँग्रिगेशनल. रिफॉर्म्ड वाटेचे, पण प्रत्येक स्थानिक मंडळीने आपला कारभार आपण पाहावा असं मानणारे. १९२४ साली ते प्रेस्बिटेरियनांशी एक झाले. आणि २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूरला सहा चर्च मिळून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं: अँग्लिकन, ही जोडमंडळी, बॅप्टिस्ट, ब्रदरन, डिसायपल्स आणि ब्रिटिश परंपरेचे मेथडिस्ट. बोलणी १९२९ पासून चालू होती. अमेरिकन परंपरेचं मोठं मेथडिस्ट चर्चही त्यांत होतं, पण ते अगदी शेवटी बाजूला झालं.

चाळीस वर्षं का लागली? दोन गाठी होत्या. पहिली बिशपांची. अँग्लिकनांना ती हात ठेवण्याची साखळी हवी होती. इतरांना बिशप चालणार होते, पण आमचे पाळक आजवर खोटे होते असं म्हणून नव्हे. तोडगा असा निघाला की सगळ्यांच्या पाळकांनी एकमेकांच्या डोक्यावर हात ठेवायचे आणि प्रार्थना करायची, की ज्याच्यात जे उणं असेल ते देवाने भरावं. कुणात काय उणं आहे, ते कुणी बोलायचं नाही. दुसरी गाठ बाप्तिस्म्याची. अँग्लिकन बाळांना देणार, बॅप्टिस्ट मोठ्यांनाच. दोन्ही पद्धती सारख्या मान्य झाल्या, आणि बाळपणी बाप्तिस्मा झालेल्याने मोठेपणी आपल्या तोंडाने विश्वास जाहीर करायचा असं ठरलं. या गाठीचा एक पदर मात्र पूर्ण सुटला नाही. बाळपणी बाप्तिस्मा झालेला एखादा मोठेपणी म्हणाला, मला तो आठवत नाही, मला पुन्हा पाण्यात जायचंय, तर? माझ्या हाताखालून गेलेल्या पाळकांपुढे हा प्रसंग आला आहे आणि त्याला सोपं उत्तर नाही. पुन्हा दिला तर पहिला खोटा ठरतो. नाही दिला तर तो तरुण दुसऱ्या मंडळीत जातो.

तर तो बाकावर का बसला होता? कॅथलिकांच्या नियमाप्रमाणे कम्युनियन घेणं म्हणजे भाकरीचं काय झालं आणि ती कुणाच्या अधिकाराने झाली, या दोन्हींना आमेन म्हणणं. त्याची मंडळी ते तसं म्हणत नाही, म्हणून एरवी त्याला ते दिलं जात नाही. मृत्यूच्या दारात किंवा तशाच गंभीर गरजेत अपवाद आहे. केरळचा सहकारी ऑर्थोडॉक्स असता आणि त्याने आपणहून मागितलं असतं, तर रोमच्या नियमात त्याला बरीच जास्त सवलत आहे, कारण ऑर्थोडॉक्स बिशपांची साखळी रोम अस्सल मानतं. अर्थात त्याच्या स्वतःच्या चर्चला ते चालत नाही. अँग्लिकनांची साखळी मात्र तुटली आहे, असा निकाल पोप लिओ तेरावे यांनी १८९६ साली दिला. नगरच्या सहकाऱ्याचा बाप्तिस्मा मात्र रोमला मान्य आहे. तो पाण्याने आणि पिता, पुत्र, पवित्र आत्मा यांच्या नावाने झालेला असेल, तर तो उद्या कॅथलिक झाला तरी त्याला पुन्हा बाप्तिस्मा देणार नाहीत. म्हणजे वसईच्या मॅडमच्या चर्चच्या दृष्टीनेही तो पूर्ण ख्रिस्ती आहे. "ते कॅथलिक आणि हे ख्रिश्चन" असं आपल्याकडे बोलतात, तसं बोलू नका, दोघेही ख्रिस्ती.

पुढच्या वेळी तुम्ही वसईला गेलात तर तुम्हीही रांगेत जाऊ नका. उठणाऱ्यांना वाट द्या आणि त्याच्या शेजारी बसा. आणि नगरच्या चर्चमध्ये प्रभुभोजनाच्या रविवारी गेलात, तर पावाचे तुकडे आणि इवल्याशा पेल्यांतला द्राक्षरस ताटातून बाकापर्यंत येईल. आमच्या बहुतेक मंडळ्यांत दुसऱ्या मंडळीतल्या बाप्तिस्मा झालेल्यालाही ते घेता येतं. तुमचा बाप्तिस्मा झालेला नाही, तेव्हा ताट हसून पुढे द्या. माझी आई इतकी वर्षं वडिलांबरोबर आमच्या चर्चला येते, आणि ताट आलं की तीही तेच करते.